मांजर नेमके काय म्हणते आहे? म्याँवपासून रात्रीच्या आक्रोशापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये इंदिरानगरातील आमच्या घरात गेली बारा वर्षे मांजरे आहेत. सोसायटीतील शेजारी, नातेवाईक आणि पशुवैद्यांच्या दवाखान्यात टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसलेली माणसे मांजराच्या आवाजाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. रात्रीच्या आक्रोशाविषयीची उत्तरे मुद्दाम सविस्तर आहेत, कारण त्या एका आवाजाचा अर्थ चुकला तर मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मांजराच्या आवाजाचा अर्थ लावताना सुरुवात कोठून करावी?

सुरुवात मांजराच्या तोंडाकडे पाहण्यापासून करावी. मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने 1944 मध्ये घरातील मांजरांच्या आवाजांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते याच निरीक्षणावर उभे आहे आणि आजही अभ्यासक तेथूनच सुरुवात करतात. त्यांनी सोळा आवाज वेगळे केले आणि त्यांचे तीन गट पाडले. तोंड मिटलेले ठेवून काढलेले आवाज हा पहिला गट असून घुरघुर आणि ट्रिल, म्हणजे भेटताना काढलेला छोटा ‘ब्रर्रप’, त्यात येतात. तोंड उघडून हळूहळू मिटत नेताना निघणारा आवाज हा दुसरा गट, म्हणजे आपल्या ओळखीची म्याँव. तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले आवाज हा तिसरा गट असून गुरगुरणे, फिसकारणे आणि आक्रोश त्यात मोडतात.

मराठीतील ‘म्याँव’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहिला, तर हा दुसरा गट आपल्याच ओठांना कळतो. ‘म’ला ओठ मिटलेले असतात, ‘या’ला तोंड उघडते आणि ‘व’पाशी ओठ पुन्हा जवळ येतात. मांजराचे तोंडही साधारण तसेच चालते.

ढोबळमानाने सांगायचे, तर मिटल्या तोंडाचा आवाज जवळिकीचा असतो, उघडून मिटणाऱ्या तोंडाचा आवाज काहीतरी मागणारा असतो आणि ताणून उघड्या ठेवलेल्या तोंडाचा आवाज भय, राग, वेदना किंवा मिलनाच्या काळातील माज यांपैकी एखाद्या तीव्र अवस्थेचा असतो. घुरघुर मात्र या नियमात पूर्णपणे बसत नाही. मांजर सुखात घुरघुरते, तसेच आजारात आणि प्रसूतीच्या वेळीही घुरघुरते. त्यामुळे कोपऱ्यात अंग आखडून बसलेले आणि अन्नाला तोंड न लावणारे मांजर घुरघुरत असेल, तर ते मजेत आहे असे समजू नये.

प्रत्येक म्याँवचा अर्थ वेगळा असतो का? त्याचा कोश करता येईल का?

सर्व मांजरांना लागू पडेल असा कोश करता येत नाही, पण आपल्या घरातील एका मांजरापुरता तो निश्चित करता येतो.

पिल्लू आईला बोलावण्यासाठी म्याँव करते. मोठी झालेली मांजरे आपापसात म्याँव फारशी करत नाहीत. ती एकमेकांशी वास, शेपटी, कान आणि नजर यांच्या साहाय्याने व्यवहार करतात. माणसांसोबत राहणारे मांजर मात्र ही लहानपणीची हाक जन्मभर वापरते, कारण माणूस शेपटीकडे पाहत नाही, आवाज दिला की वळतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. कोणत्या आवाजाने कोणती व्यक्ती कोणते काम करते, हे प्रत्येक मांजर आपापल्या घरात शिकते. निकॅस्ट्रो आणि ओरेन या अमेरिकन संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी मांजरांच्या ध्वनिमुद्रित म्याँव ऐकवून त्या कोणत्या प्रसंगातील असाव्यात हे ओळखायला सांगितले होते. लोकांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा थोडीच बरी निघाली, आणि ज्यांना मांजरांचा अनुभव होता त्यांना ती अधिक जमली.

शब्दापेक्षा सुराकडे लक्ष दिल्यास बरेच काही कळते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ सुसान शोट्झ यांनी मांजरांच्या बोलण्यातील चालीचा अभ्यास केला आहे. खाण्याच्या वेळच्या म्याँवचा सूर शेवटी चढण्याकडे कल असतो, तर पशुवैद्यांच्या दवाखान्यातील म्याँवचा सूर शेवटी उतरतो, असे त्यांना आढळले. आमच्याकडील मनीचे उदाहरण यावर चपखल बसते. सकाळी सहाच्या सुमारास ओट्याशी भांडे वाजले, की ती पायाशी येऊन आखूड आणि शेवटी वर जाणारी ‘म्याँ?’ करते, जणू प्रश्नच विचारते. तीच मनी टोपलीत घालून रिक्षात ठेवली, की मुंबई नाक्यापर्यंत ‘म्याऽऽऊ’ असा लांबत लांबत खाली उतरणारा सूर धरते. मांजर एकच आणि आवाजाचा गटही एकच, परंतु अर्थ अगदी वेगळा.

पायात घोटाळताना ‘ब्रर्रप’ असा छोटा आवाज येतो, तो कशाचा?

यालाच ट्रिल म्हणतात. तोंड मिटलेले असते, जीभ थरथरल्यासारखा गोड आवाज येतो आणि तो सेकंदभरातच संपतो. आई पिल्लांजवळ येताना आणि त्यांना मागे बोलावताना हा आवाज करते. मोठे मांजर तो आवडत्या माणसाला किंवा ओळखीच्या मांजराला भेटल्याची खूण म्हणून करते, आणि बहुधा त्या वेळी शेपटी सरळ वर उभी असते. उत्तर म्हणून आपण मांजराचे नाव हळू आवाजात घेतले, तर अनेक मांजरे पुन्हा ट्रिल करतात आणि चार-पाच वेळा ही देवाणघेवाण चालते. मला स्वतःला मांजराच्या सर्व आवाजांत हाच सर्वांत जास्त आवडतो. रोज दारात ट्रिल करणारे मांजर एखाद्या दिवशी गप्प राहिले, तर त्या शांततेचीही नोंद घ्यावी. ती का घ्यावी, हे पुढील एका उत्तरात आले आहे.

ग्रिलवर कबुतर बसले की मांजराचे दात कटकट वाजतात. ते चिडलेले असते का?

त्या वेळी मांजराची नजर पक्ष्यावर खिळलेली असते, जबडा झपाट्याने उघडमीट करतो आणि ‘कॅक-कॅक-कॅक’ किंवा चिमणीसारखा तुटक ‘चिक-चिक’ आवाज येतो. शिकारीचा उत्साह, हाती न लागणारे भक्ष्य पाहून होणारी तगमग, भक्ष्याच्या आवाजाची नक्कल किंवा मान धरून चावा घेण्याच्या हालचालीची उजळणी, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात, पण त्यांपैकी एकही अद्याप सिद्ध झालेले नाही. या आवाजात काळजीचे काही नाही. काळजी ग्रिलच्या गजांमधील अंतराची करावी. त्या क्षणी मांजराला पक्ष्याखेरीज दुसरे काही दिसत नाही, म्हणून वरच्या मजल्यांवर जाळी लावणे आवश्यक आहे.

आमची मांजरी रात्रभर लहान मूल रडावे तशी ओरडते. तिला काही दुखते आहे का?

ती मादी असेल, नसबंदी झालेली नसेल आणि वय चार-पाच महिन्यांहून अधिक असेल, तर ती माजावर आली असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. आवाजाबरोबरची लक्षणे पाहिली की हे ओळखता येते. ती जमिनीवर लोळते, पाया-खुर्च्यांवर अंग घासते, आणि पाठीवर शेपटीजवळ हात ठेवला तर पुढचे अंग खाली टेकवून मागचे वर उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावले टाकते. जेवण थोडे कमी होते, पण ती लपून बसत नाही. हा माज साधारण आठवडाभर टिकतो आणि संबंध न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो.

तिचा आवाज ऐकून परिसरातील बोके जमतात आणि मग दुसरा आक्रोश सुरू होतो. जुन्या नाशकातील वाड्यांच्या कौलांवर मध्यरात्री दोन बोके समोरासमोर उभे राहून जो सूर लावतात, तो गुरगुरीतून सुरू होऊन वर चढत जातो आणि मिनिटे-मिनिटे चालतो. ती ताकद अजमावण्याची रीत असते आणि पुष्कळदा एक बोका हळूच मागे सरकल्याने मारामारी टळते. माजाच्या ओरडण्यावर खात्रीचा उपाय मादीची नसबंदी हाच आहे.

आमच्या बोक्याची नसबंदी झालेली आहे, तरीही तो एकाएकी ओरडू लागला आहे. वाट पाहावी का?

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी नेहमी एक प्रश्न उलट विचारतो: त्याने शेवटची लघवी कधी केली, हे आपण पाहिले आहे का? याचे कारण आमच्या गोट्याच्या प्रसंगात आहे.

गोट्या तेव्हा चार वर्षांचा होता. नसबंदी झालेला, अंगाने भरलेला आणि जवळजवळ केवळ कोरड्या दाण्यांवर वाढलेला. जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत तो दिवसभर पांघरुणात असे आणि पाण्याच्या वाटीकडे क्वचितच जाई. एका रात्री अकराच्या सुमारास न्हाणीघरात ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमधून आवाज आला. ती म्याँव नव्हती. तोंड उघडेच राहिले होते आणि ‘आऽऽ’ने सुरू झालेला घोगरा, जड सूर ‘ओऽऽ’वर खाली येऊन विरला. असे तीनदा झाले. आम्ही जाऊन पाहिले, तर तो पाठ वाकवून ट्रेमध्ये बसलेला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘पोट साफ होत नसेल’ असे म्हटले आणि आम्हालाही ते पटले. दुधात तूप घालून वाटी पुढे ठेवली. त्याने ती हुंगलीही नाही.

रात्रभरात तो आठ-दहा वेळा ट्रेमध्ये गेला. सकाळी दार उघडले तेव्हा नेहमीची ट्रिल आली नाही. तो पलंगाखाली बसून मागच्या पायांमध्ये सतत चाटत होता आणि एकदा फेसाळ ओकलाही. तेव्हा मी ट्रेमधील वाळू चाळून पाहिली. लघवी झाली की त्या वाळूची गाठ बनते. आदल्या संध्याकाळी ट्रे साफ केल्यानंतर वाळूत एकही गाठ नव्हती. निरोगी मांजर दिवसात साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. येथे बारा तासांत थेंबही नव्हता.

पशुवैद्यांनी पोटाला हात लावताच निदान केले. मूत्राशय मोठ्या लिंबासारखे टणक लागत होते, कारण मूत्रमार्ग बंद झाला होता. त्यांनी रक्त तपासले, गोट्याला भूल दिली, बारीक नळी घालून मार्ग मोकळा केला आणि ती नळी जागेवर ठेवून तीन दिवस सलाईन दिले. तो वाचला. ‘आणखी एक रात्र थांबला असतात तर सांगता आले नसते,’ हे त्यांचे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मूत्रमार्ग बंद होण्यात इतका धोका का असतो?

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून टोकाकडे फार अरुंद होत जातो. लघवीतील खडेवजा स्फटिक आणि चिकट स्राव यांचा गोळा, मुतखडा किंवा केवळ सूज आणि पेटके एवढ्यानेही तो बंद पडतो. मादीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्याने तिच्यात हे क्वचितच घडते. लघवी तुंबली की मूत्रपिंडांवर दाब येतो, शरीराबाहेर जायला हवी असलेली द्रव्ये रक्तात साठतात आणि त्यांपैकी पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित होतात. एका दिवसात प्रकृती गंभीर होऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो. आक्रोश करणारे मांजर नंतर शांत पडून राहिले, तर त्याला बरे वाटू लागले असा समज करून घेऊ नये. ती ग्लानी असू शकते.

बद्धकोष्ठ आणि ही अवस्था दुरून सारखीच दिसते, कारण दोन्हींत मांजर ट्रेमध्ये बसून कुंथते. फरक वाळूतच सापडतो. लघवीच्या गाठी नेहमीसारख्या असतील आणि दोन-तीन दिवसांत विष्ठा झालेली नसेल, तर बद्धकोष्ठाचा विचार करावा. गाठी नसतील, किंवा शेंगदाण्याएवढ्या बारीक आणि लालसर असतील, तर त्याच वेळी निघावे, मग मध्यरात्र का असेना. खात्री होत नसेल, तरी निघावेच. मूत्राशय फुटण्याचा धोका असल्याने पोट स्वतः दाबून पाहू नये. वेदना कमी व्हावी म्हणून घरातील पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. मांजराचे शरीर ते औषध निकामी करू शकत नाही आणि अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते.

गोट्या घरी आल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याचे खाणे बदलले. कोरड्या दाण्यांत पाणी सुमारे दहा टक्केच असते, तर ओल्या खाद्यात ते पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असते. पाण्याच्या वाट्या तीन केल्या आणि ट्रे घरातील वर्दळीपासून दूर नेला, कारण ताणामुळेही हा त्रास उलटतो. वाळू चाळून गाठी मोजण्याचे काम रोज सकाळी मी स्वतः करतो.

चौदा वर्षांचे मांजर मध्यरात्री रिकाम्या खोलीत उभे राहून ओरडते. हे म्हातारपण म्हणून सोडून द्यावे का?

सोडून देऊ नये. या वयात असे ओरडण्यामागे उपचार होण्याजोगी कारणे असू शकतात. कंठस्थ ग्रंथीचा स्राव वाढला, तर मांजर भरपूर खाऊनही वाळते, बेचैन होते आणि रात्री ओरडते. रक्तदाब वाढला, तर दृष्टी अचानक जाऊ शकते आणि गोंधळलेले मांजर अंधारात हाका मारते. सांधेदुखी आणि मूत्रपिंडाचा आजारही या यादीत आहेत. ऐकू येणे कमी झालेले मांजर आपलाच आवाज कळत नसल्याने अधिक मोठ्याने ओरडते. ही सर्व कारणे नाहीत असे तपासणीत दिसले, तरच वार्धक्यातील विस्मरणाचा विचार करावा. त्यात मांजर ओळखीच्या घरातही वाट चुकते, भिंतीकडे पाहत उभे राहते आणि दिवसा झोपून रात्री फिरते. अशा मांजरासाठी रात्री मंद दिवा लावून ठेवावा, ट्रे आणि पाणी जवळ आणावे आणि फर्निचरची जागा बदलू नये. आमच्या मनीला आता याचा उपयोग होतो आहे.

पहाटे चारला खाण्यासाठी ओरडणाऱ्या मांजराला गप्प कसे करावे?

आधी आजार नाही याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर ओरडण्याला प्रतिसाद म्हणून खाणे देणे पूर्णपणे थांबवावे. रागावणे हाही मांजराच्या दृष्टीने प्रतिसादच असतो. पहिले काही दिवस ओरडणे वाढते आणि नेमके तेव्हाच घरातील कोणीतरी उठून खाणे देते. मग अधिक ओरडले की मिळते, हा धडा मांजराला पक्का होतो. त्यामुळे घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे खेळवून मग जेवण दिले, तर पहाटेची भूक थोडी पुढे जाते. अंगावर पाणी उडवल्याने मांजर माणसाला घाबरते, आणि ज्या आवाजावरून आपल्याला त्याचा आजार कळला असता तो आवाजही ते आपल्यापासून दडवू लागते.

रात्री मांजर रडणे अपशकुनी असते का?

नाही. हा समज मी आमच्या आजोळीही ऐकला आहे आणि तो सांगणारी माणसे प्रेमळच होती. मात्र त्यापायी रडणाऱ्या मांजराला दगड मारून हाकलले जाते, याचे मला फार वाईट वाटते. रडणारे मांजर माजावर आलेले, जखमी, अडकलेले किंवा हरवलेले असते. बॅटरी घेऊन पाहावे. आमच्या सोसायटीत अशाच एका रात्री पाण्याच्या टाकीमागील फटीत अडकलेले पिल्लू सापडले होते.

पशुवैद्यांना आवाजाचे वर्णन कसे करावे?

वर्णन करत बसण्यापेक्षा मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. दवाखान्यात गेल्यावर बहुतेक मांजरे एकदम गप्प होतात, म्हणून घरी घेतलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही उपयोगी पडते. तीत केवळ आवाज न येता मांजराचे तोंड, पाठीचा बाक आणि आजूबाजूची जागा दिसेल असे पाहावे. सोबत आवाज कधी सुरू झाला, दिवसात किती वेळा होतो, तो ट्रेमध्ये होतो की ट्रेबाहेर, शेवटचे खाणे कधी झाले आणि वाळूत लघवीच्या किती गाठी सापडल्या, हे कागदावर लिहून न्यावे. बोका असेल, तर गाठींचा आकडा सर्वांत आधी सांगावा.